शिक्षा कार्डाला, गुन्हा चार्जरचा

रास्पबेरी पायला वीज जोडली की बोर्डाच्या कडेला दोन बारीक दिवे दिसतात. तांबडा दिवा वीज पोचल्याचा. हिरवा दिवा मेमरी कार्डावर वाचन-लेखन चालू असल्याचा. सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा कधी भरभर, कधी थांबून थांबून लुकलुकतो आणि मिनिटभरात पडद्यावर काहीतरी उमटतं. पण एखाद्या सकाळी तांबडा दिवा तेवढा लागतो, हिरवा एकदा चमकतो आणि गप्प होतो. पडदा काळा. प्लग काढून पुन्हा लावला तरी तेच.

यानंतर बहुतेक लोक काय करतात ते ठरलेलं आहे. कार्ड काढतात, ‘खराब झालं’ म्हणून बाजूला ठेवतात, नवं आणतात, त्यावर सगळी प्रणाली पुन्हा उतरवतात. बोर्ड सुरू होतो, त्यामुळे निदान बरोबर होतं असं वाटतं. काही आठवड्यांनी नवं कार्डही त्याच वाटेने जातं. मग कार्डाच्या कंपनीला दोष दिला जातो आणि आणखी महागडं कार्ड आणलं जातं. या सगळ्यात भिंतीवरच्या चार्जरकडे आणि त्याच्या केबलकडे कुणाचंही लक्ष जात नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार इतक्या घरांत, शाळांत आणि प्रयोगशाळांत घडतो की तो नीट समजून घ्यायला हवा.

रास्पबेरी पाय हा हाताच्या पंजावर मावणारा, एकाच बोर्डावर सगळं बसवलेला संगणक. २०१२ साली ब्रिटनमधल्या केंब्रिजच्या मंडळींनी तो विक्रीला आणला, तो मुलांना स्वस्तात संगणक शिकता यावा म्हणून. आज तो शेतातल्या हवामानाच्या नोंदी ठेवतो, घरातले कॅमेरे सांभाळतो, दुकानातली जाहिरातीची पाटी चालवतो. त्याची किंमत कमी ठेवण्यासाठी दोन गोष्टी मुद्दाम गाळल्या गेल्या. एक म्हणजे हार्ड डिस्क. तिचं काम बोटाच्या नखाएवढं मायक्रो एसडी कार्ड करतं. दुसरी म्हणजे स्वतःचा वीजपुरवठा. ते काम बाहेरच्या ५ व्होल्टच्या अडॅप्टरवर सोपवलेलं आहे. या दोन बचती एकमेकींना कशा भिडतात, हाच आजचा विषय.

आधी सुरुवात कशी होते ते पाहू. कार्डावर दोन भाग केलेले असतात. पहिला लहान, काहीशे एमबीचा. त्यात बोर्डाला जागं करणाऱ्या फाईली असतात. हा भाग कुठल्याही संगणकाला वाचता येतो. दुसरा मोठा भाग लिनक्सच्या ext4 पद्धतीने मांडलेला. खरी प्रणाली, तुमचे प्रोग्रॅम, तुमच्या नोंदी, सगळं त्यात. बोर्ड आधी पहिल्या भागातल्या फाईली वाचतो, मग लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल मेमरीत चढवतो आणि मग कर्नल दुसरा भाग उघडतो.

म्हणून बोर्ड कुठे अडकला यावरून कार्डाचं दुखणं कुठे आहे ते कळतं. पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांत हिरवा दिवा चार वेळा लुकलुकून थांबत असेल आणि हेच चक्र पुन्हा पुन्हा येत असेल, तर सुरुवातीची फाईल सापडत नाही. सात वेळा लुकलुकत असेल तर कर्नल सापडत नाही. म्हणजे बिघाड पहिल्या, लहान भागात आहे. पण पडद्यावर इंग्रजी ओळी धावल्या आणि शेवटी `Kernel panic` आणि `Unable to mount root fs` असं येऊन सगळं थिजलं, तर पहिला भाग शाबूत आहे आणि दुसऱ्याची मांडणी बिघडली आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोन्ही वेळा कार्ड ‘मेलेलं’ दिसतं, पण पुष्कळदा ते मेलेलं नसतं.

इथेच एक घात होतो. घाबरलेला माणूस कार्ड काढून विंडोजच्या लॅपटॉपमध्ये घालतो. विंडोजला ext4 वाचता येत नाही, त्यामुळे ते दुसऱ्या भागासाठी निरोप देतं: `You need to format the disk before you can use it.` अगदी धडधाकट कार्ड घातलं तरी हाच निरोप येतो. पण आधीच कार्डावर संशय असल्याने माणसाला वाटतं, झालं, गेलंच ते. तो फॉरमॅटवर टिचकी मारतो आणि जे वाचवता आलं असतं ते हातचं घालवतो. या निरोपाला उत्तर एकच: Cancel.

आता कार्डाच्या पोटात डोकावू. बाहेरून कार्ड म्हणजे माहिती साठवायची निर्जीव चकती वाटते, पण तिच्यात फ्लॅश मेमरीबरोबर एक छोटा नियंत्रकही असतो. फ्लॅशचा स्वभाव असा की कोऱ्या जागेवर लिहिता येतं, पण लिहिलेल्या जागेवर पुन्हा लिहायचं तर आधी ती पुसावी लागते, आणि पुसताना एक अख्खा मोठा ठोकळाच पुसावा लागतो. हा ठोकळा काही एमबींचाही असू शकतो. तुम्ही एका नोंदवहीत एक ओळ वाढवली, तर नियंत्रक ती ओळ दुसऱ्याच कोऱ्या जागी लिहितो, जुनी जागा रद्द ठरवतो आणि फावल्या वेळात रद्द जागांतून उरलेला चांगला मजकूर हलवून ठोकळे रिकामे करत राहतो. हे स्थलांतर तुम्हाला किंवा लिनक्सला दिसत नाही.

कुठला मजकूर सध्या कुठे आहे, हे लक्षात ठेवायला नियंत्रक एक तक्ता ठेवतो, आणि हा तक्ताही त्याच फ्लॅशवर लिहिलेला असतो. मोठ्या ग्रंथालयात पुस्तकं जागच्या जागी आहेत, पण सूचीची नोंदवही फाटली, तर पुस्तक असूनही हाती लागत नाही. तक्ता अर्धवट लिहिला जाताना वीज डळमळली की कार्डाचं नेमकं तसं होतं. यातली खरी वाईट गोष्ट अशी की नुकसान त्या क्षणी लिहिल्या जाणाऱ्या फाईलीपुरतं राहत नाही. महिन्यांपूर्वी लिहिलेली, कुणी हातही न लावलेली फाईल त्याच ठोकळ्यात असेल किंवा तक्त्याच्या त्याच पानावर तिची नोंद असेल, तर तीही जाते. म्हणून ‘मी तर तापमानाची एक ओळ लिहीत होतो, कर्नल कसा गायब झाला?’ हा प्रश्न पडतो.

लिनक्सची ext4 मांडणी अशा अपघातांचा विचार करूनच केलेली आहे. ती आधी एका रोजनिशीत ‘आता मी हे बदलणार आहे’ असं लिहिते आणि मग बदल करते. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी रोजनिशी वाचून अर्धवट काम निस्तरते. पण ही सगळी शिस्त एका विश्वासावर उभी आहे: कार्डाने ‘लिहिलं’ असं सांगितलं म्हणजे ते खरंच लिहिलं गेलं. स्वस्त कार्डं वेग दाखवण्यासाठी आधी होकार देतात आणि मागाहून लिहितात. महागड्या एसएसडींत वीज गेल्यावर क्षणभर पुरेल एवढी साठवण दिलेली असू शकते. नखाएवढ्या कार्डात तिला जागाच नसते.

वीज अशी मध्येच जाते कशी? प्लग उपटला की जाते, हे उघड आहे. पाय ४ ला बंद करण्याचं बटण नाही, त्यामुळे पुष्कळ जण तो पंख्यासारखा भिंतीवरच्या बटणानेच बंद करतात. खरं म्हणजे आधी `sudo poweroff` ही आज्ञा द्यायची, हिरवा दिवा ठरावीक लयीत दहा वेळा लुकलुकून शांत होईपर्यंत थांबायचं आणि मग बटण बंद करायचं. पण शिस्तीने बंद करणाऱ्यांचीही कार्डं जातात, आणि तिथे चार्जरचा प्रश्न येतो.

बोर्डाला ५ व्होल्ट हवेत. पुरवठा साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की बोर्डावरचं एक सूचक जागं होतं. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह येतं, काही जुन्या बोर्डांत तांबडा दिवा विझतो किंवा मिचमिचतो, आणि प्रणालीच्या नोंदीत `Undervoltage detected!` अशी ओळ पडते. त्याच वेळी बोर्ड स्वतःहून प्रोसेसरचा वेग कमी करतो, म्हणजे वीज कमी लागेल. पाय मंद चालतो अशी तक्रार कित्येकदा इथूनच निघते.

मोबाईलचा चार्जर चालायला काय हरकत आहे, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. फोन त्याच चार्जरवर झपाट्याने चार्ज होत असतो, मग एवढासा बोर्ड का चालू नये? कारण फोनच्या पोटात बॅटरी असते. चार्जरचं व्होल्टेज घसरलं तर फोनमधली चार्जिंगची चिप हात आखडता घेते, थोडा कमी करंट ओढते, आणि फोन बॅटरीवर चालूच राहतो. फार तर चार्ज व्हायला दहा मिनिटं जास्त लागतील. बोर्डाला असा आडोसा नाही. त्याला या क्षणी जेवढा करंट हवा तेवढा याच क्षणी मिळाला पाहिजे.

दुसरी गोष्ट वॅटच्या आकड्याची. चार्जरवर ठळक अक्षरांत ३३ वॅट लिहिलेलं असतं. पण बारीक अक्षरं भिंगातून वाचली तर कळतं की ही ताकद ९ किंवा ११ व्होल्टवर आहे, आणि तीही फोनने चार्जरशी बोलणी करून मागितली तरच. पाय ४ अशी बोलणी करत नाही. तो सरळ ५ व्होल्ट घेतो. आणि ५ व्होल्टपुढे त्याच चार्जरवर बहुधा २ अँपिअर छापलेले असतात, म्हणजे फक्त १० वॅट. पाय ४ साठी उत्पादकाने सांगितलेला अडॅप्टर ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा आहे. पाय ५ ला तर ५.१ व्होल्टवर ५ अँपिअर हवेत. तेवढे मिळाले नाहीत तर तो चालतो, पण यूएसबीला जोडलेल्या सगळ्या उपकरणांना मिळून फक्त ०.६ अँपिअर देतो.

तिसरा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे केबल. तार जितकी बारीक तितका तिचा रोध जास्त, आणि करंट जितका जास्त तितकं वाटेत हरवणारं व्होल्टेज जास्त. स्वस्त केबलच्या आत कधी कधी ०.३२ मिलिमीटर जाडीचीच तार असते. अशा तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. केबल एक मीटरची असली तरी करंटला जाऊन परतही यायचं असतं, म्हणून हिशेब दोन मीटरचा: ०.४२ ओहम. बोर्ड निवांत असताना ०.६ अँपिअर ओढतो, तेव्हा वाटेत पाव व्होल्ट जातो आणि ५ पैकी ४.७५ पोचतात. सूचक गप्प. मग बोर्डाला काम पडतं, करंट १.२ अँपिअर होतो, अर्धा व्होल्ट वाटेत जातो आणि बोर्डापाशी ४.५ उरतात. चार्जर उत्तम असला तरी हे होणारच. तीच केबल ०.८ मिलिमीटरच्या तारेची असती, तर १.२ अँपिअरला नुकसान फक्त ०.०८ व्होल्ट. अधिकृत अडॅप्टर ५ ऐवजी ५.१ व्होल्ट देतो आणि त्याची जाड केबल त्यालाच कायमची जोडलेली असते, ती याच कारणाने.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण पिवळं चिन्ह दिसलं की लगेच कार्ड जळालं असं नाही. कार्डाला थेट ५ व्होल्ट मिळत नाहीत. बोर्डावरची चिप त्यातून ३.३ व्होल्ट तयार करून कार्डाला देते, आणि ५ चे ४.६ झाले तरी तिला ३.३ देता येतात. चिन्ह हे पाणी धोक्याच्या रेषेला टेकल्याची खूण आहे. नुकसान होतं ते त्याहून खोल घसरणीत, जी कित्येकदा काही सहस्रांश सेकंदांचीच असते. तेवढ्यात प्रोसेसर अडखळतो किंवा बोर्ड आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि त्या वेळी कार्डावर लेखन चालू असेल तर ते अर्धवट राहतं. सगळ्यात जास्त करंट लागण्याची वेळ आणि सगळ्यात जास्त लेखनाची वेळ बहुधा एकच असते, कारण दोन्ही जड कामाच्याच वेळी होतात. म्हणून घसरण नेमकी नको तेव्हा येते.

साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांचा पाय ४ हे याचं चांगलं उदाहरण आहे. सरांकडे कीर्तनांच्या जुन्या कॅसेटी आहेत. त्या संगणकात उतरवून त्यांनी पायवर त्यांचा संग्रह केला: सूची मेमरी कार्डावर, आवाजाच्या फाईली यूएसबीच्या छोट्या हार्ड डिस्कवर. रात्री दोन वाजता सूचीची प्रत आपोआप डिस्कवर जाई. बोर्ड दिवसभर सुरळीत चाले आणि अधूनमधून एखाद्या सकाळी मेलेला सापडे. दोन कार्डं टाकून झाली होती, तिसरं बंद पडलं होतं.

“सर, चार्जर कुठला लावलाय?” मी विचारलं.

“मोबाईलचाच. तेहतीस वॅटचा आहे, कमी कसा पडेल?”

बंद पडलेलं कार्ड बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या कार्डावर तात्पुरती प्रणाली घालून बोर्ड त्याच चार्जरवर, त्याच डिस्कसह सुरू केला. डिस्कवर एक मोठी फाईल उतरवायला लावली आणि ही आज्ञा दिली:

```
vcgencmd get_throttled
```

उत्तर आलं `throttled=0x50005`. हे वाचायला सोपं आहे. शून्य आलं, म्हणजे `0x0`, तर सुरू झाल्यापासून वीज एकदाही कमी पडलेली नाही. शेवटचा ५ म्हणजे या घडीला व्होल्टेज कमी आहे आणि वेग आवळलेला आहे. पुढचा ५ म्हणजे सुरू झाल्यापासून केव्हा ना केव्हा हे दोन्ही घडलेलं आहे. फक्त `0x50000` आलं तर आता ठीक आहे, पण मघाशी घसरण झाली होती. पडदाच न जोडलेल्या बोर्डासाठी ही आज्ञा फार मोलाची आहे, कारण पिवळं चिन्ह तिथे कुणाला दिसणारच नसतं. सरांचा बोर्ड कपाटावर होता आणि त्याला पडदा नव्हता.

मग साधा मल्टिमीटर घेतला. बोर्डावरच्या चाळीस पिनांच्या रांगेत बाहेरच्या कडेची दुसऱ्या क्रमांकाची पिन ५ व्होल्टची आणि सहाव्या क्रमांकाची जमिनीची, म्हणजे ग्राउंडची. दोन्हींवर टोकं टेकवायची, फक्त शेजारच्या पिनेला चुकून स्पर्श होऊ द्यायचा नाही. डिस्क झोपलेली असताना ४.९० व्होल्ट. डिस्क फिरू लागली आणि प्रत उतरू लागली तसा आकडा ४.५५ वर आला. मीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे मधल्या क्षणिक घसरणी याहून खोल असणार. डिस्कची चकती थांबलेली असताना फिरवायला सुरुवातीला एकदम जादा करंट लागतो, आणि रात्री दोन वाजता तेच होत होतं: डिस्क जागी होई, बोर्ड कामाला लागे आणि सूची कार्डावर लिहिली जात असे, सगळं एकाच मिनिटात.

तोच चार्जर ठेवून फक्त जाड, आखूड केबल लावली तर पोचणारं व्होल्टेज सुधारलं, पण पूर्ण भागलं नाही. शेवटी ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा, केबल जोडूनच येणारा अडॅप्टर आणला. त्याच कामाला मीटर ४.९६ च्या खाली गेला नाही आणि `get_throttled` चं उत्तर `0x0` राहिलं. डिस्क मात्र आम्ही तरीही स्वतःची वीज असलेल्या यूएसबी हबवर नेली. पाय ४ चे चारही यूएसबी मिळून १.२ अँपिअरच देऊ शकतात, आणि फिरणाऱ्या डिस्कला त्यातला मोठा वाटा लागतो.

बंद पडलेल्या तिसऱ्या कार्डाचं पुढे काय केलं, तेही सांगायला हवं, कारण त्यावर सरांची कित्येक महिन्यांची सूची होती. लिनक्सच्या संगणकात कार्ड घातलं आणि दुरुस्तीला हात लावण्याआधी त्याची तंतोतंत प्रत काढली. दुरुस्ती म्हणजे लेखन, आणि आजारी कार्डावर लिहिणं धोक्याचं. `ddrescue` हा प्रोग्रॅम आधी वाचता येईल तेवढं उचलतो आणि अडलेल्या जागांकडे मागाहून वळतो. कार्डाला संगणकाने कुठलं नाव दिलं आहे ते `lsblk` ने आधी बघायचं. इथे ते `sdb` होतं. प्रत काढल्यावर तिच्यावरच तपासणी केली:

```
sudo ddrescue /dev/sdb card.img card.map
sudo losetup -fP --show card.img
sudo fsck.ext4 -f /dev/loop0p2
```

दुसरी आज्ञा प्रतीला एखाद्या खऱ्या कार्डासारखं उभं करते आणि तिचं नाव छापते. `loop0` सोडून दुसरं नाव आलं तर तिसऱ्या ओळीत ते घालायचं. `fsck` ने पुष्कळ प्रश्न विचारले, काही निराधार फाईली `lost+found` या फोल्डरात ठेवल्या, आणि सूची तिच्या जागी मिळाली. शेवटच्या दोन दिवसांच्या नोंदी गेल्या होत्या. कार्ड मात्र पूर्ण पुसून तपासलं तेव्हा धडधाकट निघालं. टाकून दिलेल्या आधीच्या दोन कार्डांपैकी एक सरांच्या टेबलाच्या खणात सापडलं. तेही चांगलंच होतं.

प्रत्येक वेळी चार्जरच दोषी असतो असं मात्र नाही. कार्डाची पेशी पुसण्या-लिहिण्याची एक मर्यादा असते. आजच्या स्वस्त कार्डांत ती काहीशे ते काही हजार वेळा. रोज भरपूर लिहिलं जाणाऱ्या बोर्डावर कार्ड खरोखर झिजतं. झिजलेल्या कार्डाची एक खूण विलक्षण आहे: ते लिहून घेतल्यासारखं करतं, पण लिहीत नाही. एखादी फाईल पुसा, बोर्ड नीट बंद करून पुन्हा सुरू करा, आणि पुसलेली फाईल जागच्या जागी परत आलेली दिसते. अशी कार्डं पुन्हा फॉरमॅटही होत नाहीत. फॉरमॅट झाल्याचं सांगतात आणि आतला जुना मजकूर तसाच राहतो. तिथे अडॅप्टर बदलून काही होणार नाही. कार्ड वाचतं आहे तोवर प्रत काढावी आणि ते निवृत्त करावं.

तिसरा प्रकार बनावट कार्डांचा. आत ८ जीबी मेमरी आणि वर ६४ चा छाप, असा माल बाजारात आणि ऑनलाइनही मिळतो. पहिले ८ जीबी भरेपर्यंत सगळं गोड, त्यानंतर नवं लेखन हरवतं किंवा जुन्याच्या डोक्यावर बसतं. विंडोजवर `H2testw` आणि लिनक्सवर `f3` हे मोफत प्रोग्रॅम कार्ड शेवटपर्यंत भरून आणि परत वाचून हे उघडकीला आणतात. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, पण नवं कार्ड कामाला लावण्याआधी एकदा ही परीक्षा घ्यावीच, असं माझं ठाम मत आहे.

आणि एक सल्ला जो फिरत असतो आणि कुणी ऐकू नये: `config.txt` या फाईलीत `avoid_warnings=1` ही ओळ घातली की पिवळं चिन्ह दिसेनासं होतं. वीज तेवढीच कमी राहते. ती कमी पडते आहे हे सांगणारा मात्र कुणी उरत नाही. आधी कुणी वापरलेला बोर्ड हाती आला तर ही ओळ त्यात आहे का ते पाहावं आणि असेल तर काढून टाकावी.

वीज सुधारल्यावरही कार्डावरचं लेखन कमी करता आलं तर उत्तम. जाहिरातीची पाटी किंवा किऑस्क यांसारखं एकच ठरलेलं काम करणाऱ्या बोर्डाला `raspi-config` मध्ये Overlay File System नावाची सोय आहे. ती सुरू केली की सगळे बदल तात्पुरत्या मेमरीत होतात आणि कार्डाला हात लागत नाही. मग प्लग केव्हाही उपटला तरी बिघडत नाही, पण बोर्ड बंद झाला की त्या दिवसाचे बदलही जातात. म्हणून ज्याला नोंदी जपायच्या आहेत त्याच्या कामाची ती नाही. त्याने प्रणाली यूएसबीच्या एसएसडीवर हलवावी. पाय ४ आणि ५ कार्डाशिवाय तिच्यावरून सुरू होऊ शकतात. फक्त एसएसडीही तिची वीज त्याच यूएसबीतून घेते, तेव्हा ती जोडण्याआधी अडॅप्टर बदलावा आणि जोडल्यावर, भरपूर फाईली उतरत असताना, `vcgencmd get_throttled` एकदा चालवून `0x0` येतं का ते बघावं.